एका किलोमीटरला किती? छोट्या वाहतूकदाराची डिझेलची वही

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारातून संध्याकाळी क्रेट भरलेल्या गाड्या निघतात आणि रात्रीतून वाशीच्या बाजारात पोचतात. यातल्या बऱ्याच गाड्या मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या नसतात. एकेकाच्या दोन-तीन गाड्या, एखादी स्वतः चालवायची, बाकीच्यांवर ड्रायव्हर, असा हा धंदा असतो. भाडे क्रेटवर ठरते, डिझेल रोख किंवा उधारीवर भरले जाते आणि महिनाअखेरीस हातात काय उरले त्यावरून धंदा बरा चालला की नाही ते ठरवले जाते.

हातात उरलेली रक्कम मात्र फसवी असते. टायर अजून झिजायचे आहेत, विम्याचा हप्ता चार महिन्यांवर आहे, पासिंगला अवकाश आहे, म्हणून या महिन्यात पैसे उरलेले दिसतात. ते पैसे खरे तर टायरचे आणि विम्याचे असतात. आयकराच्या दृष्टीनेही छोट्या वाहतूकदाराला हिशेब ठेवण्याची फारशी सक्ती नाही. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याला गाडीमागे दर महिन्याला ठरावीक उत्पन्न धरून कर भरण्याची सोय कायद्यात आहे. त्यामुळे कर भरला जातो, पण कोणत्या फेरीत पैसे मिळाले आणि कोणत्या फेरीत गेले, हे मालकालाही सांगता येत नाही.

ते सांगू शकते अशी एक साधी वही असते. तिच्यातून दोन आकडे काढायचे असतात: गाडीचा अ‍ॅव्हरेज, म्हणजे एका लिटरला किती किलोमीटर, आणि एका किलोमीटरला येणारा एकूण खर्च. पहिला आकडा गाडीची तब्येत सांगतो, दुसरा भाडे परवडते का ते सांगतो. दोन्ही काढणे अवघड नाही. चुकीचे काढणे मात्र फार सोपे आहे. म्हणून एक गाडी घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. गाडी चौदा फुटी, सहा टायरची, बीएस-४ इंजिनाची, टाकी ६० लिटरची. नारायणगाव ते वाशी आणि परत, बाजारातली फिराफिर धरून एक फेरी ३४० किलोमीटर. डिझेल हिशेबाला सोपे जावे म्हणून ९० रुपये लिटर धरू.

टाकी फुल ते टाकी फुल

टाकीत या क्षणी नेमके किती डिझेल आहे, हे कोणालाच माहीत नसते. डॅशबोर्डवरचा काटा अंदाज देतो, माप देत नाही. त्यामुळे "परवा दोन हजारांचं टाकलं आणि एवढं चाललं" या हिशेबाला अर्थ नाही. परवा टाकण्याआधी टाकीत किती होते आणि आज किती शिल्लक आहे, हे दोन्ही आकडे त्यात नाहीत.

यावर उपाय एकच. टाकी भरलेली असते तेव्हाच तिच्यात किती आहे हे ठामपणे सांगता येते. आज टाकी फुल केली आणि किलोमीटरचे रीडिंग लिहिले. गाडी चालली. पुन्हा टाकी फुल केली. या दुसऱ्या वेळी जेवढे लिटर मावले, तेवढेच मधल्या अंतरात जळले, कारण टाकी पुन्हा त्याच पातळीला आली. दोन रीडिंगमधली वजाबाकी भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हा झाला अ‍ॅव्हरेज. पहिल्या वेळी किती लिटर भरले याचा या हिशेबाशी संबंध नाही. ती फक्त सुरुवातीची रेघ असते. अनेकांच्या वहीत नेमकी हीच चूक असते. पहिल्या वेळी भरलेल्या लिटरने पुढच्या किलोमीटरला भागलेले असते.

आता खरी अडचण. छोट्या धंद्यात दर वेळी टाकी फुल होत नाही. खिशात हजार रुपये असतात, पंपावर हजाराचे डिझेल पडते. अशा वेळी काय करायचे, ते आपल्या गाडीच्या वहीतल्या चार ओळींवरून पाहू.

| तारीख | रीडिंग | लिटर | टाकी |
|---|---|---|---|
| २ जून | ८४,२१० | ३६.०० | फुल |
| ४ जून | ८४,५५२ | ३८.०० | फुल |
| ६ जून | ८४,७६० | ११.११ | अर्धवट |
| ७ जून | ८४,९०३ | २७.८९ | फुल |

दोन जूनची ओळ सुरुवातीची, तिचा अ‍ॅव्हरेज निघत नाही. चार जूनला ३४२ किलोमीटर झाले, ३८ लिटर मावले, अ‍ॅव्हरेज ९. सहा तारखेला वाटेत हजार रुपयांचे ११.११ लिटर टाकले. या ओळीचा हिशेब लगेच केला तर २०८ किलोमीटरला ११.११ लिटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज १८.७ येतो. चौदा फुटी गाडी असा अ‍ॅव्हरेज कधीच देणार नाही. दुसऱ्या दिवशी टाकी फुल केल्यावर १४३ किलोमीटरला २७.८९ लिटर, म्हणजे ५.१ येतो आणि मालक ड्रायव्हरला फोन लावतो. प्रत्यक्षात गाडीला काही झालेले नाही आणि ड्रायव्हरनेही काही केलेले नाही. अर्धवट भरलेल्या ओळीचा अ‍ॅव्हरेज काढायचा नसतो. तिचे लिटर पुढच्या फुल टाकीच्या ओळीत मिळवायचे असतात. ११.११ आणि २७.८९ मिळून ३९ लिटर, आणि शेवटच्या फुल टाकीपासूनचे अंतर ३५१ किलोमीटर. अ‍ॅव्हरेज पुन्हा ९.

हेच मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर गूगल शीट्स किंवा एक्सेलमध्ये करायचे असेल तर प्रत्येक गाडीसाठी वेगळे पान करावे. A रकान्यात तारीख, B मध्ये रीडिंग, C मध्ये लिटर, D मध्ये रुपये आणि E मध्ये टाकी फुल असेल तर F, अर्धवट असेल तर P लिहावे. पहिली नोंद दुसऱ्या ओळीत येते आणि ती फुल टाकीचीच असली पाहिजे. तिसऱ्या ओळीत पुढची तीन सूत्रे लिहून खाली ओढत न्यावीत.

```
F3: =C3+IF(E2="F",0,F2)
G3: =IF(E2="F",B2,G2)
H3: =IF(E3="F",(B3-G3)/F3,"")
```

F रकाना शेवटच्या फुल टाकीनंतर पडलेले सगळे लिटर जमा करतो. G रकाना त्या फुल टाकीचे रीडिंग लक्षात ठेवतो. H मध्ये अ‍ॅव्हरेज येतो, आणि तोही टाकी फुल झाली तरच. अर्धवट ओळीसमोर H मोकळा राहतो. कागदी वहीतही हेच करता येते. अर्धवट ओळीवर फुली मारायची आणि फुल टाकीला पोचल्यावर मागच्या फुल्यांचे लिटर मिळवायचे.

एखादी नोंद राहूनच गेली तर काय? पावती हरवली, लिटर आठवत नाहीत. असे झाले की पुढचा अ‍ॅव्हरेज खोटा चढतो, कारण किलोमीटर पूर्ण मोजले जातात आणि लिटर कमी. नऊच्या गाडीचा अ‍ॅव्हरेज अचानक तेरा-चौदा दिसला तर आनंद मानू नये, सुटलेली पावती शोधावी. सापडली नाही तर अंदाजाने लिटर भरू नयेत. तिथे साखळी तोडावी, पुढच्या फुल टाकीपासून नवी सुरुवात करावी. एक फेरी हिशेबाबाहेर गेली तर बिघडत नाही, पण अंदाजाचा आकडा एकदा वहीत शिरला की तो खऱ्या आकड्यांतून वेगळा काढता येत नाही.

एका फेरीवरून निकाल देऊ नये

टाकी फुल झाली हेही किती नेमकेपणाने म्हणता येते? पंपाचा नोझल आपोआप बंद पडतो तेव्हा आपण फुल म्हणतो. डिझेलला फेस येतो. जोरात सोडले तर नोझल लवकर तुटतो, हळू सोडले तर थोडे जास्त मावते. गाडी उतारावर उभी असेल तर टाकीच्या एका कोपऱ्यात हवा राहते. त्यात भर म्हणजे गोल आकडा करण्यासाठी आणखी थोडे दाबून टाकण्याची सवय. या सगळ्यातून दोन-एक लिटरचा फरक सहज पडतो.

३८ लिटरमध्ये दोन लिटरचा फरक म्हणजे खरा अ‍ॅव्हरेज ९ असताना वहीत ८.५५ पासून ९.५ पर्यंत काहीही दिसू शकते. एवढ्या फरकावरून ड्रायव्हरला बोल लावणे अन्यायाचे होईल. म्हणून पहिला नियम असा की शक्यतो एकाच पंपावर, सपाट जागेवर भरावे आणि नोझल पहिल्यांदा तुटला की थांबावे. दुसरा नियम जास्त कामाचा आहे. लागोपाठच्या पाच फुल टाक्यांचे किलोमीटर एकत्र मिळवावेत, लिटर एकत्र मिळवावेत आणि मग भागाकार करावा.

याने चूक कमी का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. एका वेळी टाकी दोन लिटर कमी भरली तर पुढच्या वेळी तेच दोन लिटर जास्त मावतात. मधल्या सगळ्या चुका एकमेकींना फेडून टाकतात. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळची चूक. पाच टाक्यांत गाडी १,७१० किलोमीटर चालली आणि १९० लिटर लागले, तर दोन लिटरच्या चुकीने अ‍ॅव्हरेज ८.९ ते ९.१ इतकाच हलतो. आता यात अर्ध्या किलोमीटरची घट दिसली तर ती खरी आहे असे मानायला हरकत नाही. पाच ओळींचे वेगवेगळे अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी मात्र करू नये. छोट्या फेरीला मोठ्या फेरीइतकेच वजन मिळते आणि आकडा चुकतो.

किलोमीटरच्या काट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. काटा चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजले की घेर कमी होतो आणि तेवढ्याच रस्त्याला काटा थोडे जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर टाकले की तोच काटा थोडे कमी दाखवतो, आणि टायर बदलल्याबरोबर अ‍ॅव्हरेज उतरला असे वाटते. वेगळ्या मापाचे टायर टाकले असतील तर हा फरक आणखी मोठा असतो. काट्याची तपासणी सोपी आहे. महामार्गावरचे किलोमीटरचे दगड पाहत ५० किलोमीटर चालावे आणि काट्यावर किती भरले ते लिहून ठेवावे. काट्यात दोन किलोमीटर जास्त भरले, तर आपल्या गाडीचा खरा अ‍ॅव्हरेज वहीतल्यापेक्षा चार टक्के कमी आहे.

नोंद ठेवण्याची पद्धतही एवढ्यातच सांगतो. पंपाच्या बहुतेक पावत्या उष्णतेने छापलेल्या कागदावर असतात आणि काही आठवड्यांत कोऱ्या पडतात. म्हणून पावती जपून ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी उतरवून घ्यावी. ड्रायव्हरने डॅशबोर्डचे रीडिंग आणि पावती एकाच फोटोत येईल असे धरून तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की मालकाला तारीख, वेळ, रीडिंग, लिटर, दर आणि रक्कम सगळे एकत्र मिळते. वहीत रुपयांच्या आधी लिटर लिहावेत. डिझेलचा दर बदलला की रुपयांचा आकडा बदलतो, इंजिनाची भूक बदलत नाही.

अ‍ॅव्हरेज उतरला तर

समजा पाच टाक्यांचा अ‍ॅव्हरेज ९ वरून ८.२ वर आला. ३४० किलोमीटरच्या फेरीला आधी पावणेअडतीस लिटर लागत होते, आता साडेएकेचाळीसच्या आसपास लागतात. फेरीमागे सव्वातीनशेच्या वर रुपये आणि महिन्याला बारा फेऱ्या धरल्या तर जवळपास चार हजार रुपये. मालकाच्या मनात पहिला संशय डिझेलचोरीचा येतो. वही नीट वाचली तर संशयाच्या आधी बरेच काही कळते.

घट कशी आली ते आधी पाहावे. दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतरत आली असेल तर कारण बहुधा गाडीत आहे. एअर फिल्टर तुंबला आहे, टायरमध्ये हवा कमी राहते आहे, इंजेक्टर नीट फवारत नाहीत. गॅरेजमधून आल्यावर एकदम उतरली असेल तर ब्रेक जास्त कसले गेले असण्याची शक्यता मोठी. घाट नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवून आणल्यावर एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला लागला, तर ते चाक धरते आहे. हात न लावता जवळ नेला तरी आच कळते. मार्ग बदलला असेल, माल जास्त भरला जात असेल किंवा बाजारात गाडी खाली होईपर्यंत इंजिन चालू ठेवले जात असेल, तर तेही दिसते. अशा गाडीचे इंजिन जागेवर उभे राहून तासाला साधारण एक लिटर खाते आणि त्या वेळात काटा एकही किलोमीटर पुढे जात नाही.

मग तुलना करावी. हाच मार्ग, हाच भार, पण दुसरा ड्रायव्हर असताना अ‍ॅव्हरेज नऊच येतो का? तसे असेल तर प्रश्न चालवण्याच्या सवयीचा किंवा डिझेल काढून घेण्याचा आहे. सगळे ड्रायव्हर चालतील, पण एका विशिष्ट पंपावर भरल्यानंतरच आकडा पडतो का? मग पंपाचे माप तपासावे. पंपावर वैधमापन खात्याने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि कोणताही ग्राहक त्यातून तपासणी मागू शकतो. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त कमी पडले तर तक्रार करता येते.

डिझेलची चोरी दोन प्रकारे होते. टाकीतून काढले जाते किंवा पावतीवर जास्त लिटर लिहून घेतले जातात. फुल टाकीच्या हिशेबात दोन्ही सापडतात, कारण दोन्हीत किलोमीटर तेवढेच राहून लिटर वाढतात. ६० लिटरच्या टाकीला ६४ लिटरची पावती आली तर हिशेब करण्याचीही गरज उरत नाही. पण या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती माहीत असली पाहिजे. चोरी पहिल्या दिवसापासून रोज सारखीच होत असेल, तर वहीत घट कधीच दिसणार नाही. चोरीसकट आलेला ८.२ हाच गाडीचा नेहमीचा अ‍ॅव्हरेज वाटेल. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन टाक्या मालकाने स्वतः गाडीबरोबर राहून भराव्यात आणि त्यांचा आकडा मूळ म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. त्यात उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा, भरलेल्या आणि अर्ध्या भाराचा वेगळा आकडा असेल तर आणखी चांगले. ड्रायव्हरलाही हा आकडा माहीत असावा. प्रामाणिक ड्रायव्हरला वहीची भीती नसते, तिच्यामुळे त्याच्यावरचा खोटा आळ टळतो.

आता किलोमीटरचा खर्च

अ‍ॅव्हरेज नऊ आणि डिझेल ९० रुपये, म्हणजे किलोमीटरला डिझेलचे १० रुपये. बरेच मालक इथेच थांबतात आणि त्यावर टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून भाडे सांगतात. पण गाडी चालते तेव्हा डिझेलबरोबर आणखी काही गोष्टी झिजतात. सहा टायर मिळून ६६,००० रुपयांचे आणि ५५,००० किलोमीटर टिकणारे असतील, तर किलोमीटरला १ रुपया २० पैसे. ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग यांचे ८० पैसे धरू आणि ब्रेक, क्लच, पाटे यांच्या दुरुस्तीचा १ रुपया. हे शेवटचे दोन आकडे अंदाजाने धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतून वर्षाचा दुरुस्तीखर्च भागिले वर्षाचे किलोमीटर असे ते काढायचे असतात. बीएस-६ गाडीला युरियाची वेगळी टाकी असेल तर तोही खर्च इथेच मिळवावा. आपल्या गाडीची बेरीज १३ रुपये झाली. हा चालता खर्च. गाडी उभी राहिली तर तो होत नाही.

दुसरा खर्च गाडी उभी असली तरी होतो. ड्रायव्हरचा पगार २०,०००, विम्याचा महिन्याचा वाटा ३,०००, कर, परमिट आणि पासिंगचा वाटा १,५००, गाडीचा हप्ता १७,५००. एकूण महिन्याला ४२,००० रुपये. हप्ते फिटले की हा आकडा निम्म्यावर आला असे मानण्याचा मोह होतो, पण गाडी जुनी होतच असते आणि पुढची गाडी घ्यायची असते. हप्ता संपला की त्याच्या जागी घसाऱ्याची रक्कम धरावी. दोन्ही एकदम धरू नयेत.

महिन्यात गाडी ४,२०० किलोमीटर चालली तर या ४२,००० चा किलोमीटरला वाटा १० रुपये. गाडी २,१०० किलोमीटरच चालली तर तोच वाटा २० रुपये होतो. म्हणजे हंगामात आपल्या गाडीचा एकूण खर्च किलोमीटरला २३ रुपये आणि मंदीच्या महिन्यात ३३ रुपये. गाडी तीच, डिझेल तेच, ड्रायव्हर तोच. म्हणून किलोमीटरचा खर्च वर्षाचा एकच आकडा काढून भिंतीवर लावून ठेवण्यात अर्थ नाही. तो दर महिन्याला त्या महिन्याच्या रीडिंगवरून काढावा लागतो.

एक फेरी तोलून पाहू

क्रेटला ५० रुपये भाडे आणि १८० क्रेट, म्हणजे ९,००० रुपये. जाण्याचे अंतर १७० किलोमीटर. मालक भागाकार करतो, किलोमीटरला जवळजवळ ५३ रुपये. खर्च २३ रुपये असेल तर निम्म्याहून जास्त सुटले असे वाटते. यातली चूक भागाकाराच्या खालच्या आकड्यात आहे. गाडी वाशीला राहत नाही, तिला परत यायचे असते, आणि परतताना गाडीत बहुतेक वेळा रिकामे क्रेट असतात. डिझेल, टायर आणि टोल परतीच्या किलोमीटरवरही लागतातच. रिकाम्या गाडीला डिझेल कमी लागते, पण टाकी फुल ते टाकी फुल काढलेल्या नऊच्या अ‍ॅव्हरेजमध्ये तो फायदा आधीच धरला गेला आहे.

आता खरा हिशेब. ३४० किलोमीटरचा चालता खर्च १३ रुपयांनी ४,४२०. टोल आणि भत्ता मिळून समजा १,५००. झाले ५,९२०. हंगामातला स्थिर खर्चाचा वाटा १० रुपयांनी ३,४००. एकूण ९,३२०. भाडे मिळाले ९,०००. ज्या फेरीत निम्म्याहून जास्त सुटले असे वाटत होते, तिच्यात ३२० रुपये खिशातून गेले. ५० ऐवजी ५२ रुपये क्रेट मिळाले असते तर फेरी कशीबशी जमली असती. परतीला २,५०० रुपयांचा का होईना माल मिळाला असता तर त्यातला थोडा डिझेलचा जादा खर्च सोडून बाकी सगळा हातात उरला असता. परतीच्या भाड्यासाठी वाशीत दोन तास थांबणे परवडते की नाही, याचे उत्तरही याच आकड्यांत आहे.

वहीचा सर्वांत मोठा उपयोग भाडे नाकारण्याच्या वेळी होतो. मंदीत एखादा व्यापारी ७,५०० रुपयांत फेरी मागतो. पूर्ण खर्च पाहिला तर ही फेरी तोट्याची. पण गाडी उभी ठेवली तरी पगार आणि हप्ता द्यायचाच आहे. या फेरीचा नवा खर्च ५,९२० रुपये आहे, म्हणजे १,५८० रुपये पगार-हप्त्याच्या कामी येतात. गाडी नाहीतर उभीच राहणार असेल तर हे भाडे घ्यावे. तोच व्यापारी ५,५०० रुपये म्हणाला तर गाडी दारात उभी असलेली बरी, कारण चालवून ४२० रुपये जादा जातील. आणि ७,५०० हाच दर वर्षभर स्वीकारला तर प्रत्येक फेरी चालू राहील, डिझेल भरले जाईल, ड्रायव्हरला पगारही मिळेल, पण टायर बदलायच्या दिवशी पैसे नसतील. छोटे वाहतूकदार असेच कर्जात जातात. भाडे येत असते, गाडी पळत असते आणि तूट टायरच्या दुकानात कळते.

म्हणून प्रत्येक मालकाला आपल्या गाडीचे दोन दर तोंडपाठ हवेत. एक पूर्ण खर्चाचा, ज्याच्या खाली हंगामात भाडे घ्यायचे नाही. दुसरा नुसत्या चालत्या खर्चाचा, ज्याच्या खाली मंदीतही गाडी जागची हलवायची नाही. या दोन आकड्यांच्या मधले भाडे घ्यायचे की नाही, हा त्या महिन्याचा निर्णय आहे. डिझेलचा दर लिटरला नऊ रुपयांनी वाढला तर आपल्या गाडीचा दर किलोमीटरला एक रुपयाने आणि फेरीचा ३४० रुपयांनी वाढतो. हे वहीवर बोट ठेवून सांगणाऱ्या मालकाशी व्यापारीही वेगळ्या भाषेत बोलतो. नुसते "डिझेल वाढलंय, भाडं वाढवा" म्हणणाऱ्याला तो शेजारच्या गाडीवाल्याचा स्वस्त दर ऐकवतो.

ज्यांच्या दारात एक किंवा दोन गाड्या आहेत, त्यांनी पुढच्या वेळी पंपावर गेल्यावर टाकी फुल करावी, नोझल तुटला की थांबावे आणि रीडिंग लिहावे. त्या ओळीतून काहीच निघणार नाही, पण तिच्याशिवाय पुढचे काहीच निघत नाही. पाच टाक्या झाल्या की अ‍ॅव्हरेज हातात येईल, महिना झाला की किलोमीटरचा खर्च येईल. तो येईपर्यंत वर्षभराच्या दराचा शब्द कोणालाही देऊ नका.